मातृस्मृतीची वाकडी ओळ

माझ्यासमोर त्यांनी त्या दगडावर गोमूत्र शिंपडलं. तांब्यात आंब्याची पानं बुडवून, एकदा नव्हे, तीनदा. पाटावर ठेवलेला तो पांढरा संगमरवर मी सहा दिवस खपून कोरला होता. 'मातृस्मृती'. त्या अक्षरांच्या खाचांत गोमूत्र साचलं आणि ओघळून पाटावर आलं. मी फाटकाशी उभा होतो. हातात छिन्नीची पिशवी होती.

दादरचं घर. वास्तुशांतीचा दिवस. मंडपात शंभर माणसं असतील. सगळ्यांनी पाहिलं, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एका बाईंनी तर पदर सावरून पाय मागे घेतला, ओघळ लागू नये म्हणून.

आधी कुणीच काही म्हटलं नव्हतं. घरच्या बाईंनी पाटीला हळदकुंकू वाहिलं होतं, हात जोडले होते. मला म्हणाल्या, "छान कोरलंयस हो. सासूबाई असत्या तर बघत बसल्या असत्या." मग घरचं माणूस समजून विचारावं तसं सहज विचारलं, "राहतोस कुठं?" मी म्हटलं, नायगाव, बीडीडी चाळ. "आडनाव?" मी आडनाव सांगितलं. खोटं सांगायचं मला सुचलंच नाही. बाईंचा हात कुंकवाच्या करंड्यावर होता, तो तिथंच राहिला. त्या आत गेल्या आणि मग तांब्या बाहेर आला.

तांब्या घेऊन अण्णासाहेब आले. घराचे मालक. सचिवालयात हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. कोटाला संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला. मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. दगड आहे, धुतला की झालं." अगदी प्रेमानं म्हणाले. त्याचाच मला जास्त राग आला.

आता त्या पाटीचं सांगतो.

मी गिरगावात पाट्यांच्या दुकानात कारागीर होतो. मालकांना आम्ही काका म्हणायचो. लोक घर बांधत, आणि घराला नाव शोधत आमच्याकडे येत. नाव कशाला? नंबर तर म्युनिसिपालटी देतेच. पण नंबर कुणाचाही असतो. नाव ठेवलं की घर आपलं होतं, पत्रावर येतं, पोस्टमन ओळखतो, लग्नपत्रिकेवर झळकतं. ज्यांची आई गेली ते मातृछाया, वडील गेले ते पितृस्मृती. नवस बोललेले गणेशकृपा, नाहीतर कुलदेवीचं नाव. कोकणातून आलेले गावच्या नदीचं, नाहीतर ग्रामदेवाचं. कुणी दोन मुलांच्या नावांची अर्धी अर्धी टोकं जोडून आणी. ते वाचताना जीभ अडखळे. आणि निवृत्त कारकुनांचं हमखास ठरलेलं, 'श्रमसाफल्य'. विटा वाहणाऱ्या बायांनी त्या घराचा जिना किती वेळा चढला ते विचारू नका.

पाट्या दोन लिपींत लागत. इंग्रजी हवीच. ऑफिसची, बँकेची पत्रं इंग्रजीत, शेजारी मद्रासी, मुलगा कुठल्यातरी साहेबाच्या कंपनीत. पूर्वी इंग्रजी मोठी आणि वर, मराठी खाली बारीक. चळवळ पेटली तशी ऑर्डरी उलटल्या. अण्णासाहेब आले तेव्हा टेबलावर थाप मारून म्हणाले होते, "मराठी यजमान, इंग्रजी पाहुणा. मराठीची पाटी उजव्या खांबावर लागेल, रस्त्यावरून आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला. मुंबई आपली आहे, हे दारातच कळू दे." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. आपली म्हणजे माझीही, असं मी धरून चाललो.

दोन लिपींचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. इंग्रजी अक्षरं ओळीवर उभी राहतात, आपली ओळीला लोंबतात. इंग्रजीला खालची रेघ सांभाळायची, मराठीला वरची, शिरोरेघ. दोन्ही एका मापात काढली तर इंग्रजी अंगानं मोठी दिसते, म्हणून तिला थोडं दाबायचं आणि मराठीच्या मात्रा-वेलांट्यांना वर जागा सोडायची. आधी कागदावर अक्षरं काढायची, रेघेवरून सुईनं टोचायचं, कागद दगडावर धरून कोळशाची पूड मारायची, म्हणजे भोकांतून आकार दगडावर उतरतो. मग छिन्नी. शेवटी खाचेत काळा रंग. दुकानात दोन्ही लिपी एका तोलाच्या कोरणारा मी एकटाच होतो. हे काका स्वतः गिऱ्हाइकांना सांगत. माझं आडनाव मात्र सांगत नसत.

'मातृस्मृती' कोरताना माझी आय सारखी येऊन बसत होती. त्याच्या दोन वर्षं आधी छातीच्या दुखण्यानं गेली. गिरणीत रद्दी कापूस निवडायची. तिथं तिला नंबर होता. चाळीत ती भागी होती. खरं नाव चंद्रभागा, त्या नावानं कुणीच हाक मारली नाही. आम्ही बौद्ध झालो त्या दिवशी पांढरं लुगडं नेसून आली आणि घरी आल्यावर मला म्हणाली, "तू मोठ्या लोकांची नावं दगडावर काढतूस. माजं नाव लिवल्यावर कसं दिसतं रं?" मी म्हटलं, दाखवतो. मला बाहेर जायचं होतं. पुन्हा एकदा तिनं विचारलं, तेव्हा मी जेवत होतो. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. कागद होता, पेन्सिल होती, दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही.

म्हणून त्या दगडात मी तिला कोरलं. म्हणजे अक्षरं त्यांचीच, पण 'मातृ' काढताना माझ्यापुढं दुसरी कुठली आई येणार? छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याला तिचा खोकला ऐकू येत होता. खाच साफ करायला फुंकर मारली की वाटायचं, ती शेजारी बसून बघतेय आणि विचारतेय, हेच का रं माजं नाव? मी मनात म्हणत होतो, होय. तिला फसवत होतो. पण सहा दिवस ती माझ्याजवळ होती.

आणि आता तिच्यावर गोमूत्र पडत होतं.

पुढचं ऐका. शुद्ध झालेल्या पाटीला मी हात लावायचा नाही, असं ठरलं. मंडपातला रघुनाथ गवंडी बोलावला. मालवणचा, साधा माणूस. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "माका ह्या अक्षरांतला काय कळत नाय रे." पण मालकांनी सांगितलं म्हणून खांबावर चढला. मीच कोरलेली दुसरी, इंग्रजी पाटी डाव्या खांबावर नीट बसली, कारण तो दगड काटकोनात कापलेला होता. मराठीचा दगड तसा नव्हता. वरची कड एका बाजूला उतरलेली होती. मला ते ठाऊक होतं. कड गिलाव्यात गाडली जाणार, दिसणार ती फक्त शिरोरेघ, म्हणून मी ती रेघ स्वतंत्र आखून सरळ धरली होती. बसवताना सपाटी बघायची पाणसळ रेघेला लावायची, कडेला नाही. हे मला माहीत होतं, आणि मी लावणार होतो म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

रघुनाथनं पाणसळ कडेला लावली. कड सरळ झाली, आणि माझी रेघ उजवीकडे बोटभर उतरली. 'मातृ' वर, 'स्मृती' खाली.

अण्णासाहेबांना काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. एकदा इंग्रजीकडे बघत, एकदा मराठीकडे. मग रस्त्यावर उभ्या असलेल्या मला हाक मारली. "अरे, तू तिथनंच बघून सांग त्याला. सरळ आहे का?"

तिथनंच. म्हणजे फाटकाच्या बाहेरून.

सिमेंट ओलं होतं. एका शब्दाचं काम होतं. ओठांवर शब्द आलाही होता, कारण वाकडी ओळ मला बघवत नाही. हाताला लागलेली सवय. पण मला दिसली ती आय, उजवीकडे कललेली, ओली, गोमूत्राचा ओघळ अजून खाचेत असलेली. इतकी वर्षं अपमान झाला की मी खाली बघायचो. त्या दिवशी वर बघत होतो, त्या पाटीकडे, म्हणून असेल कदाचित.

मी म्हणालो, "माझा हात चालत नाही, तर माझा डोळाही चालणार नाही."

अण्णासाहेब म्हणाले, "काय बोललास?"

मी पुन्हा तेच म्हटलं, मोठ्यानं. नंतर माझं पूर्ण नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव. आणि म्हटलं, "ही पाटी मी कोरलीय. धुवायची तितकी धुवा. अक्षरं माझी आहेत, ती निघणार नाहीत." रघुनाथ खांबावर थापी धरून तसाच उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात काका म्हणाले, "जा, माफी माग. आणि यापुढं कुणाच्या घरी गेलास की आडनाव सांगायचं नाही. पाटीवाला म्हणायचं. तुझ्या भल्याचं सांगतोय." काका माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला काम शिकवलं होतं. मी म्हटलं, "काका, मी लोकांची नावं कोरतो आणि माझंच गिळायचं?" ते म्हणाले, "मग मला परवडणार नाही." मी छिन्न्या पिशवीत भरल्या. त्या माझ्या स्वतःच्या होत्या.

निघताना दुकानाच्या कोपऱ्यातला संगमरवराचा एक टवका उडालेला तुकडा मागून घेतला. त्यावर घरी बसून आयचं नाव कोरलं. वर चंद्रभागा, खाली तेच इंग्रजीत. शिरोरेघ दोरीला लावून तीनदा तपासली. आमच्या दारावर डांबरानं काढलेला सरकारी नंबर होता, त्याच्यावर ती पाटी लावली. शेजारच्या गंगूमावशीनं विचारलं, "अरं, भाड्याच्या खोलीला कुनी नाव ठेवतं व्हय?" मी म्हटलं, "मी ठेवतो." ती जवळ आली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही भागी?" मी हो म्हटलं. मग मला रडू आलं. जिला दाखवायचं होतं ती कुठं होती?

आता मी चाळीच्या जिन्याखाली बसून पाट्या कोरतो. कुणाचंही घर असो, कुणाचीही आई असो, दोन्ही लिपी एका तोलाच्या. पण प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात माझं नाव असतं. आडनावासकट, दोन्ही लिपींत. ते आधीच सांगतो. चालत नसेल त्यानं दगड दुसरीकडे न्यावा. बरेच जण नेतात. काही उपाशी दिवसही गेले. नाव कोपऱ्यातून हललं नाही.

दादरला जातो तेव्हा त्या घरावरून जातो. पाटी तशीच आहे, बोटभर उतरलेली; पक्क्या सिमेंटातून काढताना संगमरवर फुटेल म्हणून दुसरा कुणी गवंडी हात लावत नाही. मध्ये एकदा अण्णासाहेबांनी माणूस पाठवला होता, "तुम्हीच या, म्हणावं, हवे ते पैसे घ्या." तुम्ही म्हणाले होते. मी निरोप दिला, येतो. पण भर सकाळी, सगळ्यांसमोर, पुढच्या फाटकातून. आणि ओळ सरळ करण्याआधी घरच्या बाईंनी माझं आडनाव मोठ्यानं वाचायचं, ते मी कोपऱ्यात कोरल्यावर. धुवायचं नाही.

तो माणूस परत आला नाही.

ती ओळ अजून वाकडी आहे. मला झोपेतही दिसते. ती सरळ करणारा हात सगळ्या दादरात एकच आहे, आणि तो मी खिशात घालून त्या फाटकासमोरून चालत जातो.