न विचारलेला प्रश्न

प्रेमानंद ब्रदर माणूस पाहूनच केसपेपर भरतात, असे ग्रामीण रुग्णालयात कौतुकाने म्हटले जाई. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांना स्वतःलाही त्याचा अभिमान वाटू लागला होता. सकाळच्या गर्दीत छापील कागदावरचे सगळे प्रश्न विचारत बसले तर दुपारपर्यंत निम्मी रांगही सरत नाही. म्हणून वय विचारायचे, त्रास विचारायचा आणि व्यसन, शुगर, जुने आजार या रकाने पेशंटच्या चेहऱ्यावरून भरून टाकायचे. ही रीत त्यांनी एकट्याने काढली नव्हती, पण सर्वांत सफाईने ती तेच पाळत होते.

त्यांचे वडील दारूने गेले होते. हे रुग्णालयात कुणाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक होऊ नये याची त्यांनी आयुष्यभर काळजी घेतली होती. नोकरदारांच्या वसाहतीत घर बांधले, मुलीला इंजिनिअर केले. आपल्या समाजातले कुणी पिऊन वॉर्डात आले की इतरांपेक्षा त्यांचाच आवाज अधिक चढे.

सोमवारी साखऱ्याहून अमृतराव आले. वय एकसष्ट. आठ दिवसांपासून ताप, उजव्या बरगडीखाली ठणका, डोळे किंचित पिवळट, आणि थंडीने अंग इतके हलत होते की खाट वाजत होती. नाव आणि पत्ता ऐकताच हा आपल्यातला माणूस हे प्रेमानंदांनी ओळखले, आणि नेमके त्यामुळेच ते कठोर झाले. हाताचा थरकाप, पिवळे डोळे, यकृताचे दुखणे. त्यांच्या डोळ्यांपुढे वडील उभे राहिले. त्यांनी अमृतरावांच्या पत्नीला, जनकाबाईंना, मान वर न करता विचारले, “कधीपासून पितात?”

जनकाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि खाली पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. प्रेमानंदांनी लिहिले: मद्यपान, बऱ्याच वर्षांपासून. शुगर, नाही. जुना आजार, नाही.

सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात सहा सेंटिमीटरचे एकच गळू दिसले. वैद्यकीय अधिकारी डॉक्टर नीलांबरी यांनी केसपेपर वाचला. पिणारा पुरुष, शुगर नाही, जुना आजार नाही, उजव्या बाजूला एकच गळू, आमांशाचा हा मुलूख. असे गळू इथे बहुधा अमिबाचेच निघते. ते मेट्रोनिडाझोलवर उतरते आणि बऱ्याचदा सुईने पू काढावा लागत नाही. शंका असती तर त्यांनी जिवाणूंवरचे सेफ्ट्रिॲक्सोन पहिल्या दिवसापासून जोडले असते. कागदाने शंकेला जागा ठेवली नव्हती. मेट्रो एकटेच सुरू झाले.

बुधवारी दुपारी साखऱ्याचा कोंडीबा भेटायला आला. स्वतः जरा घेऊनच आला असावा. खाटेच्या पायथ्याशी बसून तो वॉर्डाला ऐकू जाईल असे म्हणाला, “आप्पा, तुमच्या पायी आमच्या गावचा दारूचा गुत्ता उठला. बावीस प्रतिज्ञा तुमी पाळल्या आन् लिव्हरबी तुमचंच सुजलं. मंग आमी काहून सोडावी?”

अमृतराव क्षीण हसले. औषधांच्या ट्रेजवळ उभ्या प्रेमानंदांचे हात थांबले. कोंडीबाच्या बोलण्यातून त्यांना हळूहळू कळत गेले की साखऱ्याच्या विहारात रविवारची वंदना हाच माणूस घेतो, आणि त्याने उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही. मग जनकाबाई गप्प का राहिल्या होत्या? तो होकार नव्हता. आपल्याच माणसाने केलेला अपमान त्यांनी गिळला होता.

खरे तर त्याच क्षणी जाऊन सांगायचे होते. प्रेमानंद गेले नाहीत. गळू अमिबाचेच असेल, औषध लागू पडेल, मग त्या रकान्याला कोण विचारतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

गुरुवारच्या राउंडला ताप तसाच होता. औषध सुरू होऊन तीन दिवस झाले होते. डॉक्टर नीलांबरी खाटेशी जास्त वेळ थांबल्या. अमिबाचे असते तर एव्हाना ताप उतरायला लागला असता, असे त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पुन्हा केसपेपर पाहिला, मद्यपानाच्या ओळीवर बोट ठेवले आणि आणखी एक दिवस वाट पाहू म्हणाल्या. प्रेमानंद दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ओठांपर्यंत आलेले वाक्य त्यांनी परत आत ढकलले. वॉर्डात इतर नर्सेस होत्या, नातेवाईक होते, जनकाबाई होत्या.

शुक्रवारी सकाळी अमृतरावांची नाडी एकशे वीसवर होती आणि ते अर्धवट बरळत होते. प्रेमानंद केसपेपर घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“मॅडम, हे मी विचारून लिहिलेलं नाही.”

“कुठलं?”

“यातलं काहीच. ते पीत नाहीत. बुधवारपासून मला माहीत आहे.”

डॉक्टर नीलांबरींनी केसपेपर हातात घेतला. मग शुगर तपासायला लावली. तीनशे चाळीस निघाली. जनकाबाईंना आता नीट विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की दोन वर्षांपूर्वी पित्ताशयात खडे निघाले होते, ऑपरेशन राहून गेले. पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत गळू नऊ सेंटिमीटरचे झाले होते, आणि ते यकृताच्या कडेला इतके आले होते की मधली भिंत कागदासारखी उरली होती.

“शुगर, पित्ताचे खडे, ताप हटत नाही. हे जिवाणूंचं आहे,” त्या म्हणाल्या. “एकटं मेट्रो याला पुरणार नव्हतं. आणि एवढा पू नुसत्या औषधानं आटत नाही, आता तो काढावाच लागेल. फुटला तर पोटात पसरेल.” मग केसपेपरवरची आपली सही दाखवून, “लिहिलं तुम्ही. पण न विचारता सही मी केली.”

जिवाणू ओळखण्याच्या कल्चर तपासणीसाठी रक्त काढून घेतले, मग सेफ्ट्रिॲक्सोनचा पहिला डोस दिला. मेट्रो चालूच ठेवले. इन्सुलिन आणि सलाइन सुरू झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायच्या चिठ्ठीत प्रेमानंदांनी स्वतःच्या हाताने लिहिले: मद्यपान नाही, आधीची नोंद चुकीची, न विचारता केलेली. खाली सही केली. ॲम्ब्युलन्समध्येही तेच बसले.

तिथे रक्त गोठण्याची तपासणी करून सोनोग्राफीच्या नजरेखाली सुई घातली गेली. अमिबाचा पू तपकिरी असतो आणि सहसा वास येत नाही. हा पिवळा-हिरवा होता, आणि दुर्गंधीने खोली भरली. दाट होता, म्हणून सुईवर न थांबता नळी बसवून ठेवली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कल्चरमध्ये सेफ्ट्रिॲक्सोनला दबणारे जिवाणू सापडले.

नळी निघाल्यावर उरलेली इंजेक्शने तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच घ्यायची होती, त्यानंतर गोळ्या. सगळे मिळून सहा आठवडे. म्हणून अमृतराव रोज प्रेमानंदांसमोर येऊन बसू लागले. अंगाने ते निम्मे झाले होते. प्रेमानंद शीर शोधत आणि वर पाहत नसत. पाचव्या दिवशी त्यांनी जनकाबाईंना विचारले, “ताई, ते पीत नाहीत असं त्या दिवशी तुम्ही का सांगितलं नाही?”

“पितेत का, आसं इचारलं असतं तर सांगितलं असतं,” जनकाबाई म्हणाल्या. “तुमी कधीपासून, ते इचारलं.”

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी अमृतरावांनी तो केसपेपर पाहायला मागितला. नोंद फाडता येत नाही. प्रेमानंदांनी त्यावर एक रेघ मारून तारीख आणि सही केली होती. अमृतरावांनी चष्मा लावला आणि ओळ बोटाने वाचली.

“खोडलं तुमी,” ते म्हणाले, “पर वाचता येऊन राहिलं.”

“व्हय, आप्पा,” प्रेमानंद म्हणाले. वसाहतीत आल्यापासून ही भाषा त्यांच्या तोंडून गेली होती. “माझा बाप पीत होता. मी तुमाला त्यो समजलो.”

अमृतरावांनी कागद घडी न घालता परत दिला. क्षमा केल्याचे ते बोलले नाहीत. हातावरचा कापूस दाबून धरत ते उठले, आणि बाहेरच्या रांगेतला पुढचा माणूस आत आला. प्रेमानंदांनी कोरा कागद पुढे ओढला, पेन खाली ठेवले आणि त्याच्याकडे पाहून पहिल्या रकान्यापासून विचारायला सुरुवात केली.