जिमनं नाई गेली आमची तेजू

सोमवारी सकाळी साडेपाचले तेजूनं मले आवाज देल्ला. म्हने, "आई, पोटात मुरडा मारून राहिला." मी चहा मांडत होती. गॅसकडं पाहूनच मी म्हनलं, "उचल अजून लोखंड."

ते हासली. म्हने, "आज तर शंभर किलो हाय, आई. ते उचलते, मंग दुखू दे काय दुखाचं ते."

तेजू म्हनजे तेजस्विनी, माही सून. माह्या भूपेंद्रची बायको. त्या सोमवारी दुपारी दोन वाजता ते गेली.

हिंगाचं पानी देल्लं मी तिले. अंग मोडून राहिलं म्हने, मांड्या जड झाल्या म्हने. मी तेल गरम केलं अन् पाय चोळले, कंबर चोळली. आठ हप्त्यापासून हेच तर करत होती मी. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी जिम, अन् मंग माहं तेल. माह्या डोक्यात दुसरं काई आलंच नाई. साडेसहाले तिच्या पापन्या उघडत नव्हत्या. मी म्हनलं झोप नाई झाली तुही, पड घटकाभर, गुड्डीची वेनी मी घालून देते. गुड्डी माही नात, पाच वर्साची. ते आज मम्मीसंग जिमले जानार होती, म्हनून सकाळपासून लाल फ्रॉक घालून बसली होती.

सातले पानी देल्लं तर ते गिळता येईना. नाकातून बाहेर आलं. तवा मी घाबरली. भूपेंद्र म्हने जिमच्या सराले फोन लावतो, काय जास्त केलं तिनं विचारतो. पाहा, तवाबी आमाले जिमच दिसत होतं. सरांनी एवढंच विचारलं, डोळे उघडते काय. भूपेंद्र म्हने नाई. सर म्हने, "हे जिमचं नोहे. गाडी काढ, भंडाऱ्याले ने, आत्ताच्या आत्ता."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डाक्टरनं तिचा हात उलटापालटा करून पाहिला. कोपराच्या मागं सुई टोचल्यासारखे दोन बारीक ठिपके होते. मण्यार साप चावला म्हने. रात्री झोपेत. मण्यार चावला तर सुजत नाई, दुखतबी नाई कधी कधी, चावताना मानूस जागाच होत नाई म्हने. सकाळी पोट दुखते, मंग पापन्या पडते, मंग गिळनं जाते, मंग श्वास. इंजेक्शन चढवले, मशीन लावली. डाक्टरनं विचारलं, किती वाजतापासून पोट दुखत होतं? मी म्हनली साडेपाचपासून. त्यानं घड्याळीकडं पाहिलं.

हे सगळं मी मोबाईलवर लिहून राहिली, चौथी शिकली मी, चुका असन तर असू द्या. पन समाजाच्या ग्रुपवर जे चालू हाय ते मले पाहावत नाई. कोनी लिहिते बाईमानसानं वजन उचललं तर आतडं तुटते. कोनी लिहिते लेकराच्या मायनं असे धंदे कायले कराचे. आमच्या गल्लीतल्या कलाबाईनं आपल्या पोरीचं, मनालीचं, जिम बंद केलं. तेजू काय करत होती ते तुमाले मालूम नाई. मले मालूम हाय. मी आठ हप्ते पाहिलं.

तेजू तुमसरची. कालेजात असताना वजन उचलत होती. जमिनीवरून रॉड उचलाचा, त्याले डेडलिफ्ट म्हनते, त्यात एकशेवीस किलो उचलले होते तिनं. लग्न झालं अन् सुटलं. सात वर्स. मी म्हनलं नव्हतं सोड म्हनून, पन कर म्हनूनबी म्हनलं नव्हतं. घर, दुकान, गुड्डी, त्यातच गेले.

जुलै महिन्यात पेटी उघडली तर गुड्डीले एक फोटो सापडला. तेजू रॉड धरून उभी, गाल फुगलेले. गुड्डी म्हने हे कोन? तेजू म्हने मी. गुड्डी म्हने, "खोटं. तू तं सिलेंडर ढकलाले पप्पाले बलावते."

तेजू हासली, पन तिले लागलं ते. दुसऱ्याच दिवसी ते भैय्यालाल सराच्या जिममधी गेली. हायवेच्या बाजूले टिनाच्या शेडात हाय ते. मनाली जातच होती तिथं. पहिल्या दिवसी मीबी गेली, सून कुठं जाते ते पाहाले.

सरांनी विचारलं, "किती वर्स झाले सोडून?"

"सात."

"मंग ते सात वर्स आधीची तेजस्विनी घरी ठेवून येजो. आज रिकामा रॉड."

"सर, रिकामा रॉड तं वीस किलोचा. गुड्डीच तेवढी हाय, तिले मी कडेवर घेऊन पोळ्या लाटते."

"मंग सोपं जाईन तुले," सर म्हने.

पहिला हप्ता रिकामा रॉड, दोनच सेट. सराचा नेम असा का दहा वेळा होत असन तर सहाच वेळा कराचं, चार पोटात शिल्लक ठेवाचे. एवढ्यावरबी बुधवारी सकाळी तिले संडासात बसता येईना, भिताडाले धरून बसली. मी म्हनलं रिकाम्या रॉडनं हे हाल? ते चिडली माह्यावर. मी हासली नाई मंग. माह्या माहेरी हातमाग होता. भूपेंद्र झाल्यावर चार वर्सानं मी मागावर बसली, तं हात सगळे विसरले नव्हते, धोटा बरोबर चालत होता. पन पायानं पावडी दाबून दाबून तिसऱ्या दिवसी कंबर अशी धरली का बाजेवरून उठता येईना. मी तिले म्हनलं, गादीवर नोको झोपू, खाली चटई टाक. थंड फरसीवर कंबर मोकळी होते.

तवापासून ते खाली झोपाले लागली. सरानं नाई सांगतलं ते. मी सांगतलं.

दुसऱ्या हप्त्यात तिसरा सेट आला. तिसऱ्यापासून दरवेळी पाच किलो, कधी दहा. दुखनंबी कमी होत गेलं. मले वाटलं आता सुखानं चालन, पन तिची चिडचिड वाढली. घरी येऊन भांडे आपटे. म्हने, "आई, पन्नास किलो मले पिसासारखं लागते. सर वाढवू देत नाई. म्हातारी समजते काय मले?" अंड्यासाठी मी वेगळी कढई काढून देल्ली होती, ते एकदा तशीच खरकटी राहिली तं मीबी बोलली. ते म्हने कढई उचलनं जिमच्या टाईमटेबलात नाई. असं चालत होतं आमचं.

चौथ्या हप्त्यात सर कुठं तरी बारश्याले गेले होते. तिनं मनालीले प्लेटा लावाले लावल्या अन् नव्वद किलो उचलले. उचलल्या गेलेबी. उड्या मारत घरी आली. दोन दिवसानं गुडघ्याच्या खाली अन् कोपराले अशी कळ, का कनिक मळता येईना.

सर ओरडले नाई. खुर्ची ओढून बसले अन् मलेबी बसवलं, मी गुड्डीले घेऊन गेली होती. म्हने, "काकू, मांस लवकर आठवते, नसा उसिरा आठवते. मांस म्हनते उचल, नसा म्हनते थांब. आठ हप्ते नसाचं आयकाचं असते." मंग तेजूले म्हने, "पाचवा हप्ता परत चाळीसवर. कळ असन तं तेबी नाई."

तेजू रडली त्या दिवसी. रागानं रडली. म्हने चार हप्ते पान्यात गेले.

त्याच दिवसी सरांनी अजून एक सांगतलं होतं. जिमचं दुखनं दुसऱ्या दिवसी येते, तिसऱ्या-चौथ्या दिवसी उतरते. चाललं-फिरलं का मोकळं होते. जे दर घंट्याले वाढतच जाते ते जिमचं नसते, ते दवाखान्याचं. मी मान हालवली होती. गुड्डी माह्या मांडीवर होती. मी बरोबर आयकलं होतं.

सहाव्या हप्त्यात कळ गेली. सातव्यात रॉड खांद्यावर घेऊन बैठकीले पासष्ट किलो, डेडलिफ्टले पंच्याऐंशी, पाच-पाच वेळा, अन् रॉड खाली ठेवून बोलतबी होती. आठवा हप्ता सरांनी हलका ठेवला. वजन कमी, सेटबी अर्धे. अंगाले भरून घेऊ दे म्हने. तेजू घरी आली का म्हने, "मी जिममधी जाऊन येते का देवळात, काई समजत नाई, घामबी येत नाई." पन नेम मोडला नाई तिनं. कारन सरांनी कबूल केलं होतं, हा हप्ता नीट केला तं सोमवारी एकदा शंभर. एकच वेळा. गुड्डीले घेऊन ये.

शुक्रवारी तिनं हलकंच केलं. शनवारी काई दुखलं नाई. आयतवारी काई दुखलं नाई. घर पुसलं, खिचडी केली, गुड्डीचा लाल फ्रॉक इस्त्री केला. मंग सोमवारी सकाळी जिमचं काय दुखनार होतं? तीन दिवस झाले होते. एवढा हिसाब गुड्डीलेबी आला असता. मी तेल गरम करत बसली. दीड घंटा.

कलाबाई मले तेरवीच्या दिवसी म्हने, "बाई, तुमी तिले थांबवाले पायजे होतं." मी म्हनली, "थांबवलंच तं मी तिले, कलाबाई. दवाखान्यात जाऊ देल्लं नाई." तरीबी पोरीले जिमले काई जाऊ देल्लं नाई तिनं.

साप सापडला नाई. भूपेंद्रनं सगळं घर उपसलं, लाकडं हालवले, मागची भिताड लिपली. तवापासून आमी सगळं झटकून घेतो. चादर, उशी, गुड्डीचं दप्तर. खाली कोनी झोपत नाई.

काल मनाली आली. हातात पिसवी. तेजूचे जोडे जिममधी राहिले होते, तेच, चपट्या तळाचे, कापडाचे. सरांनी पाठवले. मायले सांगून आली काय, मी विचारलं. म्हने नाई, दूध आनाले निघाली.

मी जोडे घेतले अन् सवयीनं पायरीवर उलटे करून आपटले. हाताले घसरू नये म्हनून पोट्ट्या पांढरी पावडर लावते, ते सांडली त्यातून, जराशी, पायरीवर.

"किती दिवस झाले तुले जिम सोडून?" मी विचारलं.

"सोळा."

"मंग जासीन तवा एकदम पहिल्या वजनावर नोको जाऊ. कमी कर. चार पोटात ठेव."

ते "हो" म्हने अन् तिथंच उभी राहिली. गुड्डी आली, बोट टेकवलं पावडरीवर, अन् फ्रॉकाले पुसलं.