गिरिधरपंतांचा तख्ता

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गिरिधरपंत नावाचे एक कारकून होते. माणूस गरीब, पण आखणीच्या बाबतीत महाहट्टी. घरातला कोळशाचा हिशेबसुद्धा ते पट्टीनं रेघा मारून लिहीत. त्यांची बायको अरुंधती म्हणायची, "तुम्हाला भाकरी वाढतानाही ताटात आधी समास सोडावा लागतो." पंत हसायचे आणि लोणचं आपल्या हातानं सरकवून समासात ठेवायचे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि दवाखान्याचा कारभार उर्दूत चालायचा. पंतांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, इंग्रजी कामापुरती वाचता यायची. त्यामुळे मराठी ते बोलण्यापुरतं वापरत आणि रेघा मात्र उजवीकडून मारत.

त्या साली सरकारनं खेड्यापाड्यातल्या सुइणींसाठी दवाखान्यात एक वर्ग काढला. शिकवायला आल्या डॉक्टर सरोजिनीबाई. हैदराबादेत वसतिगृहात वाढलेल्या, बोलणं तुटक, पण मनानं चांगल्या. बारा बाया शिकायला आल्या. त्यातली गोजरबाई घनसावंगीकडची. ऐन तिशीत विधवा झालेली. सासू गावाची सुईण, सासूच्या मागं तीच बाळंतपणं करायची. वर्ग पुरा झाला की सरकारी सनद आणि पितळी बिल्ला मिळणार होता. गावात एका घरची बाळंतीण तिच्या हातून दगावली होती, तेव्हापासून लोक तिला दारात उभं करून घेईनात. बिल्ला घेऊन गेल्याशिवाय त्या गावात तिला कुणी बोलावणार नव्हतं, आणि दुसरं गाव तिला नव्हतं.

जालन्यात राहायला जागा नाही म्हणून अरुंधतीनं तिला आपल्या पडवीत ठेवून घेतलं. पंतांना विचारलं ते तिचं बोचकं आत आल्यावर. पंतांनी हरकत घेतली नाही, कारण घेऊन उपयोग नव्हता.

असं सगळं बरं चाललेलं असताना औरंगाबादेहून हुकूम आला. बडे डॉक्टरसाहेब वर्गाच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार, आणि त्यांना हजेरीचा तख्ता पाहिजे. कडेला एकाखाली एक नावं, वर आडव्या तारखा, आणि प्रत्येक घरात हजर की गैरहजर ते. महिन्यात तीनपेक्षा जास्त खाडे झाले तर त्या बाईचं नाव कमी.

आता हजेरी होती, पण ती डॉक्टरीणबाईंच्या पद्धतीची. शिकवून झालं की त्या आपल्या टंकयंत्रावर बसत आणि इंग्रजीत तारीख टाकून तिच्याखाली त्या दिवशी समोर बसलेल्या बायांची नावं ठोकत. उद्या दुसरी तारीख, पुन्हा नावं. आज गोजरबाई पहिली तर उद्या आठवी, ज्या जिथं बसल्या तसं. कोण आलं ते त्यात होतं. कोण आलं नाही ते मात्र कुठंच नव्हतं. सरोजिनीबाईंनी तो जांभळ्या शाईचा गठ्ठा पंतांच्या टेबलावर ठेवला.

"गिरिधरराव, याचा तख्ता जमेल?"

"जमेल म्हणजे काय, बाईसाहेब! बराबर करतो." पंतांना एवढा आनंद झाला होता की चहा घ्यायचंही भान राहिलं नाही.

त्यांनी मोठा ताव घेतला. उर्दू तख्ता, म्हणून बाराही नावं दाखल-यादीच्या क्रमानं उजव्या कडेला उतरवली. माथ्यावर महिन्याच्या तारखा उजवीकडून डावीकडे ओळीनं मांडल्या. शुक्रवारी सरकारी सुट्टी. त्या तारखा गठ्ठ्यात नव्हत्याच. तिथं नुसती घरं ठेवली असती तर शुक्रवारी सगळ्याच बाया गैरहजर दिसल्या असत्या, म्हणून पंतांनी त्या रकान्यांत वरून खाली सरळ रेघ ओढली. मग एकेक तारीख घेतली. टंकलेल्या कागदावरचं नाव वाचायचं, तख्त्यात त्या नावाच्या ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवायचं, तारखेच्या रकान्यातून खाली यायचं आणि दोघं भेटतात तिथं 'हाजिर'चं पहिलं उर्दू अक्षर 'हे' काढायचं. तारीख संपली की रकान्यातले 'हे' मोजायचे; जितकी नावं टंकलेली तितकेच 'हे' भरले पाहिजेत. मग कागदावरच्या तारखेवर पेन्सिलीची खूण. गैरहजरीचा 'गैन' त्यांनी शेवटी भरायचा ठेवला होता. जी घरं रिकामी राहतील तिथं 'गैन', सोपं काम.

सगळे 'हे' भरून झाले आणि पंत कौतुकानं तावाकडे बघत बसले. बघता बघता त्यांचं कौतुक आटलं. रिकामी घरं इकडंतिकडं विखुरलेली नव्हती. प्रत्येक बाईच्या ओळीत ती लागोपाठ चार-पाच होती. एकीची महिन्याच्या आरंभी, दुसरीची मध्ये, तिसरीची अखेरीस. दोन म्हाताऱ्यांच्या ओळी तेवढ्या गच्च भरलेल्या. गोजरबाईच्या ओळीतही चार घरं रिकामी. 'गैन' भरला की तिचं नाव कमी होणार, आणि तिच्याबरोबर बहुतेक सगळ्यांचं.

पंतांनी दोनदा ताळा केला. चूक नव्हती. मग त्यांना गोजरबाईचा राग आला. ही बाई रोज सकाळी फडक्यात भाकरी बांधून आपल्या डोळ्यांदेखत घरातून निघते, मग जाते कुठं?

घरी आल्याआल्या त्यांनी अरुंधतीला गाठलं. "तुझी गोजरबाई वर्ग बुडवते. चार दिवस सलग गैरहजर! मी स्वतः तख्ता केलाय."

"कोणते चार दिवस?"

पंतांनी तारखा सांगितल्या. अरुंधतीनं मनाशी काही जुळवलं आणि ती हसायला लागली. हसू आवरेना म्हणून तिनं पदर तोंडात धरला. "अहो, त्या चार दिवसांत ती आपल्या घरात तरी आली होती का? पडवीच्या टोकाला बसत होती. तिचं पान मी लांबून वाढत होते ना?"

पंतांच्या डोक्यात उजेड पडला आणि कान तांबडे झाले.

"वर्गाच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचा रांजण आहे. सगळ्यांचा मिळून एकच," अरुंधती म्हणाली. "अडचणीच्या बाया आत कशा जातील? बाहेर ओसरीवर खिडकीखाली बसतात आणि ऐकतात. गोजरबाई रात्री मला सगळा धडा म्हणून दाखवते. बाईसाहेबांना माहीत असेल, असंच त्या बायांना वाटतंय."

"पण बाईसाहेब खिडकीला पाठ करून बसतात!"

"मग सांगा की त्यांना."

"मी? हे? बाईसाहेबांना?" पंत एवढ्या मोठ्यानं ओरडले की पडवीतून गोजरबाईनं विचारलं, "काय झालं वं, वैनी?"

रात्रभर पंतांनी वाक्यं जुळवली. एकही तोंडातून बाहेर काढण्याजोगं नव्हतं. खोटा 'हे' भरणं त्यांच्या रक्तात नव्हतं आणि 'गैन' भरायला हात धजत नव्हता. सकाळी त्यांनी तख्ता तसाच उचलला आणि वर्गात नेऊन सरोजिनीबाईंच्या पुढ्यात पसरला.

"बाईसाहेब, एवढी घरं मला भरता येत न्हाईत," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आपणच बघावं."

सरोजिनीबाईंनी आधी कपाळाला आठी घातली. मग त्यांचं बोट एका ओळीतल्या रिकाम्या घरांवरून फिरलं, दुसऱ्या ओळीवर गेलं, तिसऱ्या ओळीवर गेलं आणि थांबलं. शेवटी डॉक्टरच होत्या त्या. त्यांनी पंतांकडे पाहिलं. पंत रांजणाकडे पाहत होते. बाईंनीही रांजणाकडे पाहिलं, आणि मग त्या आजवर पाठीमागं असलेल्या खिडकीकडे वळल्या.

"सोनूबाई!" त्यांनी हाक मारली. सोनूबाई बारांपैकीच, पण त्या दिवशी खोलीत नव्हती.

"जी!" खिडकीच्या खालून आवाज आला.

"नाळ कापायच्या आधी काय करायचं?"

"कात्री उकळत्या पाण्यात घालायची, जी. अन् हात साबनानं कोपरापस्तोर. तुमी परवा सांगितलं तवा म्या हितंच बसून राह्यले होते."

सरोजिनीबाई खिडकीतून खाली वाकल्या. "आणि मी तुम्हाला शेतावर गेलेल्या समजत होते," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा तुटक नव्हता. मग त्यांनी प्रत्येकीला तिच्या रिकाम्या तारखा विचारल्या. बायांनी एकमेकींची साक्ष काढून सांगितलं. सोनूबाईनं तर आपणहून कबूल केलं, "ही येक तारीख न्हाई, जी. तवा म्या भोकरदनला भाचीच्या लग्नाला गेल्ते." तिथं पंतांनी 'गैन' भरला. उरलेल्या घरांत काय भरावं याचा त्यांनी विचार केला आणि ओसरीला उर्दूत दालान म्हणतात म्हणून 'दाल' काढला. तळाशी लिहिलं: दाल म्हणजे दालानात हजर.

मुआयन्याच्या दिवशी बडे डॉक्टरसाहेब तख्ता बघून खूश झाले. पांढरी दाढी, जाड चष्मा. "हे दाल काय आहे?" त्यांनी विचारलं.

"दालान, साहेब," सरोजिनीबाई म्हणाल्या. "माझा वर्ग दालानापर्यंत आहे. माझ्याच लक्षात उशिरा आलं." साहेबांनी ओळींवरून नजर फिरवली. त्यांना चार लेकी होत्या, असं पुढं कळलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. तळाशी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग ओसरीवरच भरू लागला. रांजण आत राहिला. तख्त्यातले 'दाल' संपले. पंतांना थोडं वाईट वाटलं, कारण ते अक्षर त्यांना सुरेख जमलं होतं.

परीक्षा झाली, गोजरबाई पास झाली. सनदा वाटायला बडे डॉक्टरसाहेब पुन्हा आले. समारंभ खोलीत ठेवला होता. खुर्च्या, सतरंजी, हार. अरुंधतीही आली होती. एकेक नाव पुकारलं जात होतं.

"गोजरबाई!"

"जी!" आवाज खिडकीखालून आला.

सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. साहेब सनद हातात धरून थबकले. पंतांना वाटलं, एवढं सगळं करून हिचा बिल्ला आता दुसऱ्या कुणाच्या हातून पोचायचा. तेवढ्यात सरोजिनीबाई उठल्या, साहेबांच्या हातातली सनद आणि बिल्ला घेतला आणि बाहेर गेल्या. साहेबही चष्मा सावरत मागोमाग ओसरीवर आले. मग खोलीत बसून राहायचं कुणी? सगळा समारंभच बाहेर आला.

सरोजिनीबाईंनी बिल्ला आपल्या हातानं गोजरबाईच्या पदराला लावला. गोजरबाई अंग चोरून मागं सरकली. "बाईसाहेब, शिवलात की वं मला!"

"संध्याकाळी आंघोळ करीन. रोज करतेच," सरोजिनीबाई म्हणाल्या.

गोजरबाई हसली आणि मग रडली. अरुंधती तर आधीपासूनच रडत होती. पंत मात्र घाईनं आपल्या टेबलाशी गेले. त्या दिवसाचा रकाना भरायचा राहिला होता. गोजरबाईच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, ती खिडकीखाली होती म्हणून 'दाल' काढायला टाक टेकवला, आणि उचलला. मग शाईत नीट बुडवून त्यांनी तिथं 'हे' काढला.