पाट्याविना वरवंटा

भोरच्या एका संगणक क्लासात मी काही काळ शिकवत होते. शिकवणं कमी, खेळणं जास्त. सोबतची दुसरी मास्तरीण माझी मैत्रीण; तिच्या अब्बांचं पेठेत टेलरिंगचं दुकान होतं. दुपारी क्लास रिकामा झाला की आम्ही दोघी संगणकावरचे खेळ खेळत बसायचो.

मध्येच सिनेमा सुरू करून गोष्ट सांगणारे खेळ मला मुळीच सहन होत नसत. आपण चालतोय, तर चालू द्या ना! आमचे लाडके खेळ अबोल होते. एका खोलीचं दार आतून पेटारे रचून बंद केलेलं, कोपऱ्यात सांगाडा, त्याच्या हाताशी पालथा घडा. हा शत्रूच्या हातून मेला नाही, तहानेनं मेला, हे आपलं आपण ओळखायचं. एखादी तलवार उचलली की पडद्याच्या तळाशी दोनच ओळी यायच्या: ‘धाकट्याला दिलेली. मूठ कधी झिजली नाही.’ पुढं कुठंतरी थोरल्याच्या थडग्यावर त्याच तलवारीवरचं चिन्ह दिसायचं, आणि दोन भावांची सगळी कथा आपल्याच डोक्यात जुळायची. सांगितलेलं माणूस विसरतो, जुळवलेलं विसरत नाही, असं मैत्रीण म्हणायची.

मग आम्हीच एक जग बांधायला घेतलं. माझी आत्या वेल्ह्यात आमच्याकडे राहायची. तिचं सासरचं गाव धरणात गेलेलं, घराचा एकही फोटो नाही. मरायच्या आधी ते घर एकदा बघायचंय, असं ती सारखी म्हणायची. मी दर रविवारी घरी गेले की तिला विचारून घ्यायची: चूल कुठं, गोठा कुठं, दार कुठल्या अंगाला. ती वस्तूंबद्दलच बोलायची, माणसांबद्दल अवाक्षर नाही. शेजारी धाकट्या जावेचं घर होतं, एवढंच कळलं. पाटा-वरवंट्याबद्दल ती म्हणाली होती, “पाटा तिचा, वरवंटा माझा.” मला वाटलं, म्हातारीचा घोटाळा होतोय. अर्धी वस्तू कोण ठेवतं घरात?

तर आम्ही पाटा आणि वरवंटा दोन्ही आत्याच्या चुलीपाशी नीट मांडले. जावेच्या घराला नुसतं दार रंगवलं. आत कोण जाणार होतं? वस्तूजवळ जाऊन कळ दाबली की मराठीत दोन ओळी दिसायच्या. आमच्याकडच्या खेळ बनवायच्या साधनाला मराठी अक्षरं कळत नव्हती, म्हणून मैत्रिणीनं एकेका ओळीचं चित्र काढून चिकटवलं होतं.

आत्या एसटीनं भोरला आली. तिला वाचता येत नाही, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी कळा दाबत होते, ओळी वाचून दाखवत होते. तिचं ओळींकडं लक्षच नव्हतं. ती घर वाचत होती.

“गोठ्यातलं दावं कापलेलं का दावलंय? आमी घाईनं न्हाई निघालो. गुरं सोडून, आंगण सारवून निघालो.” आमच्याकडं दाव्याचं तेवढंच एक चित्र होतं, हे तिला कसं सांगावं? मग ती चुलीपाशी थबकली. “आन् पाट्यावर वरवंटा कुनी ठिवला?”

तिनं सांगितलं ते मला त्या रविवारीच विचारता आलं असतं. वाटणीत दोघी जावा सासूच्या पाटा-वरवंट्यावरून भांडल्या होत्या. एकीनं पाटा नेला, दुसरीनं वरवंटा. बोलणं बंद. पण मिरची तर दोन्ही घरी वाटायची. आत्या वरवंटा घेऊन जावेच्या वळचणीला जायची आणि तिथल्या पाट्यावर वाटून यायची. जावेला लागला की ती आत्याच्या उंबऱ्यावरून उचलून न्यायची आणि धुवून परत ठेवायची. धरणासाठी गाव उठेपर्यंत असंच चाललं. मग एक कुटुंब वेल्ह्याला आलं, दुसरं तिकडं पूर्वेला सपाटीवर गेलं. जाऊ तिकडंच वारली, असं उशिरा कळलं.

आम्ही दोन वस्तू शेजारी मांडल्या आणि तिच्या संसारातली सगळ्यात मोठी गोष्ट पुसून टाकली. नुसता वरवंटा ठेवला असता, अंगणात दोन दारांमधली पायवाट काढली असती, तर एका अक्षराविना सगळं दिसलं असतं. याची हळहळ अजून जात नाही.

“आता तिच्या घरला ने,” आत्या म्हणाली. नेलं. “उघड की दार.”

त्या दाराच्या मागं काहीच नव्हतं. मी म्हटलं, आत काय काय होतं ते सांग, मी सगळं उभं करते.

“मला काय म्हाईत? वाटनीनंतर तिचा उंबरा वलांडला न्हाई म्या. म्हनून तर उघड म्हनते.”

आता ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी पडद्यावरच्या दारापासून परत फिरू लागले, तर आत्यानं माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे. जरा हितंच उबी कर मला.”

मी कळेवरचं बोट काढलं. आत्या खुर्चीत पुढं सरकली, पदर सावरला आणि त्या रंगवलेल्या दाराला म्हणाली, “येऊ का गं आत?”