मेणावरची कवळी

दातांच्या लॅबमध्ये तिला समोर सगळे ताई म्हणत आणि माघारी दातवाली. तिला दोन्ही चालायचं. चाळिशी ओलांडलेली, बोलायला फटकळ, पण हात असा हलका की डॉक्टर मंडळी अवघड कवळी दुसऱ्या कुणाकडे देत नसत. खिडकीपाशी तिचं टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा आणि गुलाबी मेणाच्या पट्ट्या. कवळी कधी एकदम पक्की करत नाहीत. आधी मेणावर दात रचायचे, ती ट्रायल माणसाच्या तोंडात बसवून बघायची, आणि मग परत लॅबमध्ये यायची. मेणात असेपर्यंत दात हवे तसे हलवता येतात. पक्की झाली की मात्र झालीच.

मास्तर तिला भेटला तो त्याच्या आईच्या कवळीपायी. शाळेत भूगोल शिकवायचा, बायको कधीच सोडून गेलेली, आणि आईपुढे वाघाची शेळी. कवळी झाली, आईने ती घालून आधी मास्तरालाच चार शब्द सुनावले, पण मास्तराचं येणं काही थांबलं नाही. कधी चहाला, कधी बाजारात सोबत. अहो-जाहोचं अरे-तुरे झालं. मग एका संध्याकाळी बागेतल्या बाकावर तो म्हणाला, "तुला आधीच सांगतो. मी नात्यासाठी तयार नाही. उगाच आशा लावायची नाही मला."

आणि दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या पिशवीभर भाजी घेऊन दारात हजर! आता बोला. तोंडाने नाही म्हणायचं आणि पायांनी यायचं. दातवालीने काय केलं, तर तोंडाचं सोडलं आणि पायांचं धरलं. कुणीही तेच केलं असतं म्हणा. तिच्याजवळ राहणारी मावशी आजारी पडली तेव्हा दवाखान्यात रात्रभर तोच बसला होता. सिनेमात हात धरायचा. रविवारी तिच्या स्वयंपाकघरात कांदा चिरून द्यायचा आणि डोळे पुसत तिच्याकडे बघून हसायचा. इतकं करणारा माणूस तयार नाही, हे पटणार तरी कसं? तिला वाटे, थोडं थांबावं, थोडं जपून वागावं, येईल हळूहळू.

पण शाळेतलं कुणी रस्त्यात भेटलं की तो सांगे, "या माझ्या ओळखीच्या." पुढच्या महिन्याचं काही विचारलं की, "बघू." ती जरा जवळ सरकली, की मास्तर दिसेनासा व्हायचा. ती रुसून गप्प झाली, की लगेच दारात. असं करता करता वर्षं गेली.

तो नसायचा ते दिवस फार वाईट. जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की तिचा हात थांबायचा. त्याच्या खुर्चीवर ती कपडे टाकत नसे, मावशीला बसू देत नसे. एकदा भांडी घासताना मागे कुणी खाकरलं असं वाटून ती वळली, "आलास?" म्हणाली, आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मावशीने ते ऐकलं.

"नवरा म्हणावा तर नाही, पाहुणा म्हणावा तर रोजचा," मावशी म्हणाली. "यापेक्षा भूत परवडलं गं बाई. ते निदान कांदा चिरायला येऊन आशा तरी लावत नाही."

"तो चांगला आहे, मावशी."

"वाईट कोण म्हणतंय? त्याने तुला काय सांगितलंय, तेवढं सांग."

दातवालीने तो काय काय करतो ते सांगितलं. मावशी म्हणाली, "हे मी विचारलंच नाही." दातवाली चिडून आत गेली.

आणि मग एक म्हातारबुवा आले. डॉक्टरांकडे ट्रायल बघायला गेले ते मेणाची कवळी तोंडात घालून गुपचूप घरी गेले. ती तोंडात ठेवूनच वाफाळता चहा प्याले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हजर, कवळी रुमालात, दात सगळे चहूकडे कललेले. लॅबमध्ये हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

"आजोबा, ही कच्ची आहे असं सांगितलं नव्हतं का डॉक्टरांनी?" दातवालीने विचारलं.

"सांगितलं होतं की. दोनदा सांगितलं." म्हातारा ओशाळला. "पण इतकी छान बसली हो, म्हटलं आता परत कशाला द्यायची."

सगळे पुन्हा हसले. दातवालीला मात्र हसू आलं नाही. तिने दिवा पेटवला, मेण गरम केलं, एकेक दात काढून नव्याने रचायला घेतला. तिलाही सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं, बाकावर बसून. मास्तर खोटं बोलला नव्हता. ऐकलं नव्हतं तिनेच.

रविवारी तो आला. तिने कांदा त्याच्यापुढे ठेवला नाही.

"एक विचारते. तू म्हणाला होतास, नात्यासाठी तयार नाही. आजही तसंच आहे?"

तो खुर्चीत अवघडला. "तू मला आवडतेस. तुझ्याशिवाय करमत नाही मला."

"ते माहीत आहे. मी विचारलं ते सांग."

तो म्हणाला, "हो. तसंच आहे."

ती म्हणाली, "बरं. मी रागावले नाही, आणि तुला धमकीही देत नाही. मला घर हवंय, ज्यात दोघं आपण म्हणून राहतात. तुला ते नकोय, त्यात तुझा गुन्हा नाही. पण मग हे रविवार, हात धरणं, रोजचे फोन, हे मला जमणार नाही. तू येतोस आणि मी वाट बघत राहते."

"मैत्री तरी ठेवू."

"तुझी होईल मैत्री. माझी नाही होणार. मी प्रत्येक चहात दुसरंच काहीतरी शोधेन. काही बदललं, तर येऊन तसं सांग. नाही बदललं, तर येऊ नकोस."

तो गेला. मावशी दाराआडून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन तिने गॅस पेटवला.

पुढचे दिवस सोपे गेले असं कुणी सांगेल तर तो खोटारडा. फोनवर त्याचा निरोप यायचा, 'जेवलीस का?' पहिल्याला तिने लिहिलं, 'आपलं बोलणं झालंय.' नंतरच्यांना काहीच लिहिलं नाही. लिहायची खाज सुटे, तेव्हा फोन मावशीच्या उशीखाली ठेवी. घरात त्याचं खाकरणं अजून ऐकू येई. ती वळायची, आणि मग स्वतःलाच शिव्या द्यायची.

मग एका संध्याकाळी बेल वाजली आणि दारात खरोखरच मास्तर. खांदे पडलेले, दाढी वाढलेली. तिचा जीव असा धावला त्याच्याकडे, की दाराची कडा घट्ट धरावी लागली.

"काही ठरलं का?" तिने विचारलं.

त्याने खाली पाहिलं. "नाही. सहजच आलो. तुझी फार आठवण येत होती."

"मलाही येते," ती म्हणाली. "रोज येते. जा आता."

तिने दार लावलं. आणि दाराला कान लावून उभी राहिली, वाटत होतं, तो पुन्हा बेल वाजवेल आणि म्हणेल, ठरलं. मावशीने हाक मारली, जेवण वाढलं, पुन्हा हाक मारली. बाहेर तो किती तरी वेळ उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. मग तो गेला.