परत आलेलं तिकीट

"बाबा, परीक्षेच्या पुणे केंद्रात दुपारी दोनच्या सत्राला तीनच जागा राहिल्यात. घेऊन टाकू?"

"दुपारी दोनला? त्या वेळेला अख्खी कसबा पेठ झोपलेली असते. तूसुद्धा."

"परीक्षेत कोण झोपतं?"

"मी बारावीच्या गणिताला झोपलो होतो. म्हणून इथे तांब्या-पितळेची भांडी विकतोय. सकाळची घे."

"सकाळची भरली. दिसतंय ना, शून्य."

"थांब, कुणीतरी सोडेल."

यज्ञेश्वरांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. हा माणूस आयुष्यात कधी नाटकाचं तिकीट आधी काढायला गेला नाही. शनिवारी दुकान बंद करायचं आणि थिएटरच्या खिडकीशी जाऊन शांत उभं राहायचं. कुणाच्या घरी पाहुणे येतात, कुणाला ताप येतो आणि तिसऱ्या घंटेच्या आत एक तिकीट परत येतंच. तेही पुढच्या रांगेतलं. अशीच त्यांनी पंचवीस वर्षं नाटकं पाहिली होती.

"इथे परत येत नाही," तनया म्हणाली. "एकदा कन्फर्म केलं की बदलता येत नाही. त्यांनी वर लाल अक्षरात लिहिलंय."

"लिहितात सगळे. आमच्या दुकानातही 'भाव एकच' लिहिलंय."

बाहेर तांब्यावर हातोडी पडत होती, ठोक ठोक, एका लयीत. त्या लयीत यज्ञेश्वरांची नजर पडद्यावर तरंगू लागली. पुणे, नाशिक, सोलापूर, पणजी. प्रत्येक नावापुढे जागांचा आकडा, जणू संध्याकाळच्या रस्त्यावरचे दिवे. कुणीतरी दूरवर बोट टेकवत होतं आणि एकेक दिवा विझत होता. ती कोण मुलं असतील? कुठल्या गावात, कुठल्या खिडकीशी बसलेली? नाशिक विझलं. सोलापूर विझलं. त्यांना वाटलं, आता घंटा होईल आणि खिडकीतला माणूस खूण करेल, या, एक आहे.

"बाबा, पुणे गेलं."

त्यांनी दचकून पाहिलं. सकाळ शून्य, दुपारही शून्य. दिवा फक्त पणजीचा होता, सकाळी नऊचा.

तनयाला एसटीत तोंडात आवळ्याची सुपारी धरूनसुद्धा घाट सोसत नाही. साताऱ्याला लग्नाला गेली तेव्हा दोन दिवस अंथरुणात होती. डिझाइनच्या कॉलेजसाठी वर्षभर कागद काळे करणाऱ्या या मुलीला आता घाट उतरून, पांढरी पडून, परीक्षेला बसायचं होतं.

"थोडं थांबूया का?" त्यांनी विचारलं. आवाज खिडकीतल्या माणसाशी बोलावं तसा झाला होता.

तिने लॅपटॉप ओढून घेतला, पणजी निवडलं आणि कन्फर्म दाबलं. हिरवी खूण आली. तिने झाकण मिटलं.

"तनया, मी येतो बरोबर. आदल्या दिवशीच जाऊ, दुकान बंद ठेवतो. पुढची सीट घेऊ, ती आधीच काढतो. चालेल ना?"

तिने पायात चपला सरकवल्या आणि हातोड्यांच्या आवाजातून गल्लीत निघून गेली.