कॉफीवर फोडलेलं खापर

रिसोडला आमच्या घराला लागूनच सुकेशनीचं घर. भिंत एकच, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं. रोज सकाळी तिच्या चमच्याचा आवाज यायचा. स्टीलच्या पेल्यात कॉफी, साखर आणि दोन-चार थेंब पाणी घेऊन ती फेटत बसायची, पांढरट फेस येईपर्यंत. मग वरून दूध. सकाळी एक पेला, रिठदच्या ग्रामपंचायतीतून परत आली की दुसरा. ती तिथे ग्रामसेविका आहे. गावचे पुढारी पाण्याच्या टाकीवरून तिच्या अंगावर धावून यायचे, तेव्हा ही बाई खुर्चीतून उठायचीसुद्धा नाही. "दादा, अर्ज द्या," एवढंच म्हणायची.

ही कॉफी तिला अकोल्याच्या वसतिगृहात लागली. जऊळक्याची पोर, घरात शिकलेलं कोणी नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात झोप उडवायला मैत्रिणीने पाजली, ती सुटली नाही. तेवढीच काय ती चैन. दागिन्यांचा सोस नाही, साड्यांचा नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही. नवरा प्रसेनजित, खाजगी शाळेत विज्ञान शिकवतो. हो, विज्ञान! हे लिहितानाही माझं डोकं तापतं. सासू भागिरथाबाई मनाने वाईट नाहीत, पण नातवासाठी जीव टांगणीला लागलेला. अशात नणंद पिंकीने पुण्याहून मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. कोणी एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस सांगत होता की कॉफी पिणाऱ्या बाईची कूस तापते आणि गर्भ धरत नाही.

झालं. भागिरथाबाईंनी कॉफीची बरणी उचलली आणि मोरीत रिकामी केली. "पाह्य पोरी, घरात इतके दिस इखच पिऊन राह्यली व्हतीस तू."

मला वाटलं, टाकीवाल्या पुढाऱ्यांना न घाबरणारी ही बाई आता उसळेल. पण नाही. तिने मान खाली घातली. मूल तिलाही हवं होतं, फार हवं होतं, आणि कोणी तरी कारण दाखवल्यावर तिने ते खरंच धरलं. दुसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखलं की ती रजा टाकून पडून राहिली. तेव्हा सासूबाईंनी पत्ती घालून कडक, काळपट चहा उकळून दिला. डोकं दुखायचं थांबलं. "पाह्यलं? चहा आपला हाय, त्यानं काही व्हत नाही," त्या म्हणाल्या. मग कॉफीची आठवण येऊ नये म्हणून मायेने चहाच सुरू झाला. उठल्यावर, डब्याआधी, ग्रामपंचायतीत, परतल्यावर, पाहुणे आल्यावर, दिवे लागल्यावर. पाजणारीही प्रेमाने पाजायची आणि पिणारीही निमूट प्यायची.

दीड वर्ष गेलं. रविवारी विहारात वंदना झाली की चहाच्या वेळी बायका विचारायच्या, "काही हाय का?" सुकेशनी हसायची. उत्तर सासूबाईच द्यायच्या, "हॉस्टेलात काफी पिली ना बाप्पा लय. आता कुठं अंगातून निंगून राह्यली." जणू कॉफी म्हणजे भिंतीतली ओल! आणि बाजूला प्रसेनजित गालात खर्रा भरून उभा असायचा. तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोळून घोळून केलेला. दिवसभर तोंड हलत असायचं त्याचं. त्याला कधी कोणी काही विचारलं नाही.

एक दिवस सुकेशनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "वर्षाराणीताई, माह्या सगळ्या तपासण्या झाल्या. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, समदं बरोबर निंगालं. तरी मीच काहून?" मी म्हटलं, "चल डॉक्टरकडे. आणि प्रसेनजितलेही सोबत घे."

वाशीमला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, सासूबाईही आल्या. प्रसेनजित बाहेर बाकावरच बसला. आत सासूबाईंनी सुरुवात केली, "हिनं लय काफी पिली मॅडम."

"किती?"

"दोन पेले रोज," सुकेशनी अपराध्यासारखं बोलली. "आता बंद आहे. चहाच पिते. सहा-सात वेळा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कॉफीत जे कॅफिन असतं, तेच चहातही असतं. कपाला कमी, पण सात वेळा कडक पत्तीचा चहा म्हणजे आधीच्या दोन कॉफीपेक्षा जास्तच होतं. मूल हवं असेल तर कॅफिन दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आत ठेवा, असं आम्ही सांगतो. म्हणजे साधारण एक-दोन कप कॉफी. ती काळजी म्हणून. तेवढ्याने मूल राहत नाही असं सिद्ध झालेलं नाही. फारच जास्त पिणाऱ्या बायकांना दिवस राहायला उशीर लागतो असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही. गरोदरपणात मात्र ही मर्यादा नक्की पाळायची. आणि कूस तापते वगैरे काही नसतं."

मला हसावं की रडावं कळेना. दीड वर्ष जिच्यावर चहाचा मारा केला, तिला कॉफीची बंदी!

"नवऱ्याची तपासणी?" बाईंनी विचारलं.

सासूबाई पदर सारखा करू लागल्या. मग डॉक्टरीणबाईंनीच दार उघडून त्याला आत बोलावलं. त्याचा गाल फुगलेलाच होता.

त्याची तपासणी झाली, रिपोर्ट आला. शुक्राणू कमी, हालचालही कमी. बाई त्याला शांतपणे म्हणाल्या, "एका रिपोर्टवर काही ठरवत नाही. पण तंबाखू आजपासून बंद. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, मग उपचार ठरवू."

मग आम्ही जीपने रिसोडला परतलो.

दोन दिवसांनी भागिरथाबाई बाजारातून कॉफीची नवी बरणी घेऊन आल्या. मी त्यांची सुपली परत करायला त्यांच्या दारातच उभी होते. माझा जीव गलबलला. म्हटलं, चला, म्हातारीला उमगलं. त्यांनी ती बरणी आत नेली नाही, समोरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवली.

"अशी दिसू दे," त्या सुनेला म्हणाल्या. "कोणी इचारलं तं सांगजो, सुटत नाही काफी. माह्या पोराचं नाव नोको निंगू दे चारचौघांत."

माझ्या हातातली सुपलीच खाली पडली. मूल नसल्याचा दोष ठेवायला त्यांना बरणी हवी होती, आणि बरणीला धरून उभी राहायला सून! प्रसेनजित खाटेवर बसून सगळं ऐकत होता. विज्ञानाचा मास्तर हूं की चूं करत नव्हता.

रविवारी विहारातून बायका त्यांच्या घरी आल्या, मीही होते. बसल्या न बसल्या तोच एकीची नजर बरणीवर गेली. "सुकेशनी, अजून पितंस व्हय काफी?"

"काय करता बाई," सासूबाईंनी सुरू केलं, "सुटतच नाही..."

सुकेशनी उठली. बरणी आत घेऊन गेली. आणि आतून चमच्याचा आवाज आला. दीड वर्षाने. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तो आवाज बराच वेळ चालला, तिने फेस नीट येऊ दिला. मग पेला हातात घेऊन ती बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. टाकीवाल्या पुढाऱ्यांशी बोलायची, तोच आवाज.

"तुमी सांगता का मी सांगू?"

प्रसेनजितचा हात खिशाकडे गेला. खर्रा बंद झाल्यापासून खिसा रिकामा होता. त्याने आईकडे पाहिलं, आई मान हलवून नको म्हणत होती.

"काफीचं काही नाही," तो शेवटी खाली पाहत म्हणाला. "दोष माह्यात हाय."

एवढे चार शब्द बोलायला माणसाला काय लागतं? तिचं दीड वर्ष लागलं.

सुकेशनी त्याच्या शेजारी बसली. कॉफी प्यायली, सगळी, सावकाश. मग बरणी उचलून परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, मिठाच्या डब्याशेजारी, पहिल्या जागी.